हप्ता बाऊन्स होण्याआधी

कर्जाचा हप्ता चुकणार हे बहुतेकांना हप्त्याच्या तारखेच्या पुष्कळ आधी कळलेलं असतं. पगार लांबल्याची नोटीस लागते, गिऱ्हाईक बिल थकवतं, घरात आजारपण निघतं. तरीही शाखेत जाणारे फार थोडे. बाकीचे ‘बघू, कुठून तरी सोय होईल’ म्हणत पाच तारखेची वाट पाहतात आणि सकाळी मोबाइलवर ‘अपुरी शिल्लक’ असा संदेश आल्यावर जागे होतात. तोवर कर्जदाराच्या हातातले अर्धे पर्याय गेलेले असतात. खातं नियमित आहे तोपर्यंत शाखेतला अधिकारी ‘हा चांगला ग्राहक आहे, याला मदत करता येईल’ असं वर लिहू शकतो. थकबाकी पडली की तेच खातं वसुलीच्या यादीत जातं आणि बोलणारा माणूसही बदलतो. म्हणून अडचण कळल्यापासून हप्त्याच्या तारखेपर्यंतचे दहा-पंधरा दिवस कसे वापरायचे, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

हप्ता बाऊन्स होतो म्हणजे काय होतं

आज बहुतेक हप्ते ‘नॅच’ या यंत्रणेतून जातात. कर्ज घेताना आपण जो मॅन्डेट सही करून दिलेला असतो, त्याच्या आधारे कर्ज देणारी संस्था दर महिन्याला आपल्या बँकेकडे पैशांची मागणी पाठवते. ही मागणी ठरलेल्या तारखेला, बहुधा सकाळीच येते. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालू असते. त्यामुळे ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी भरू’ हा हिशेब आता चालत नाही. पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. नॅचची मागणी पूर्ण हप्त्याची असते. हप्ता १५,००० रुपयांचा आणि खात्यात १४,५०० असतील तर १४,५०० वळते होत नाहीत. मागणी सगळीच्या सगळी परत जाते. मग कर्ज देणारी संस्था बाऊन्सचं शुल्क लावते आणि आपली बँकही मागणी परत गेल्याचं शुल्क कापते. दोन्ही मिळून रक्कम साधारण काही शे रुपयांपासून हजाराच्या घरात जाते. काही संस्था त्याच महिन्यात मागणी पुन्हा पाठवतात. तेव्हाही शिल्लक नसेल तर शुल्क पुन्हा लागतं. शिवाय थकलेल्या रकमेवर दंड असतो. हा दंड व्याजदरात मिसळून लावता येणार नाही आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावलं आहे. उताऱ्यात ‘दंडव्याज’ वाढत गेलेलं दिसलं तर ते दाखवून विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पण शुल्क आणि दंड हा तोट्याचा लहान भाग आहे. मोठा तोटा दिवस मोजण्यात आहे.

दिवस कसे मोजले जातात

समजा ५ जूनचा हप्ता गेला नाही. त्या दिवशीचं कामकाज संपतानाच खातं थकीत होतं. थकबाकी तशीच राहिली तर ५ जुलैला तीस दिवस पूर्ण होतात, ४ ऑगस्टला साठ आणि ३ सप्टेंबरला नव्वद. तिथे खातं ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. त्याआधीच्या तीस-तीस दिवसांच्या टप्प्यांनाही बँकेच्या भाषेत नावं आहेत. प्रत्येक टप्प्यावर खात्यावरची नजर कडक होत जाते.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. ‘जूनचा चुकला, पण जुलैपासून मी दर महिन्याला भरतोय, मग थकबाकी कसली?’ असं ते विचारतात. भरलेले पैसे आधी सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्याला लागतात. जुलैमध्ये भरलेला हप्ता जूनच्या खड्ड्यात जातो आणि जुलैचा थकलेला राहतो. ऑगस्टचा जुलैला जातो. माणूस दर महिन्याला प्रामाणिकपणे भरत असतो आणि खातं मात्र सतत एक महिना मागे असतं. क्रेडिट अहवालात प्रत्येक महिन्यासमोर उशिराचे दिवस छापले जातात. असे दोन हप्ते मागे पडले तर तिसऱ्या चुकीला खातं थेट नव्वद दिवसांच्या उंबरठ्यावर येतं. खातं एकदा एनपीए झालं की एखाददुसरा हप्ता भरून ते सुधारत नाही. सगळी थकबाकी फेडल्यावरच ते पुन्हा नियमित होतं. त्याच बँकेत तुमचं दुसरं कर्ज असेल, तर त्याचे हप्ते वेळेवर जात असले तरी तेही एनपीएमध्ये ओढलं जातं.

म्हणून मागे राहिलेला एक हप्ता भरून काढायला एका महिन्यात दोन हप्त्यांचे पैसे लागतात. ज्याला एकच जड जातो, त्याला दोन कुठून झेपणार? पहिला हप्ता चुकू न देणं यासाठीच सर्वांत स्वस्त पडतं.

एक उदाहरण, आकड्यांसह

चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. हातात पगार ४२,००० रुपये. गृहकर्जाचे १५ लाख रुपये बाकी, व्याज ९ टक्के, मुदत अजून १५ वर्षं. हप्ता १५,२१४ रुपये. दुचाकीचा हप्ता ३,९००. मे महिन्याच्या वीस तारखेला कंपनी सांगते, की ऑर्डरी कमी झाल्यामुळे जून आणि जुलैमध्ये निम्माच पगार मिळेल.

पहिलं काम कागद घेऊन बसण्याचं. पगार २१,०००. किराणा, वीज, मुलांची फी, गॅस, प्रवास असं सगळं आवळून धरलं तरी १६,००० लागतात. उरले ५,०००. दोन हप्ते मिळून १९,११४. म्हणजे महिन्याला १४,११४ रुपये कमी पडतात आणि दोन महिन्यांत २८,२२८. ‘फार अडचण आहे’ यापेक्षा ‘दोन महिन्यांत अठ्ठावीस हजार कमी पडतात’ हे वाक्य कितीतरी उपयोगी आहे. अडचण किती रुपयांची आणि किती महिन्यांची, हे दोन आकडे कळल्याशिवाय कुणाशी बोलू नये.

त्याच वेळी खात्यातून आपोआप जाणाऱ्या बाकीच्या रकमा पाहायच्या. म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता, एखाद्या ॲपची वर्गणी या सगळ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच येतात. आधी कोणती रक्कम जाईल हे आपल्या हातात नसतं. दोन हजारांची एसआयपी आधी गेली आणि त्यामुळे पंधरा हजारांचा हप्ता परत गेला, असं घडतं. एसआयपी थांबवण्याची विनंती काही दिवस आधी द्यावी लागते, म्हणून ते काम वीस-पंचवीस तारखेलाच उरकायचं.

आता या माणसाची ६०,००० रुपयांची मुदत ठेव आहे असं धरू. तिच्यावर बँक साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५४,००० रुपयांचं ओव्हरड्राफ्ट देऊ शकते. त्याचा दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतो. जून आणि जुलैमध्ये त्याने त्यातून लागेल तेवढीच रक्कम उचलली आणि ऑगस्टपासून महिन्याला पाच हजार परत केले, तर साडेआठ टक्के दराने त्याला एकूण व्याज आठशे रुपयांच्या आत पडेल. ठेव मोडत नाही, तिचं व्याज चालू राहतं आणि दोन्ही हप्ते वेळेवर जातात.

याउलट त्याने बँकेकडे गृहकर्जाचे दोन हप्ते पुढे ढकलून मागितले आणि बँकेने मान्य केलं, तर काय होईल? त्या दोन महिन्यांचं सुमारे २२,५०० रुपये व्याज मुद्दलात मिळवलं जाईल. हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज फिटायला मूळच्या हप्त्यांपेक्षा जवळजवळ सहा हप्ते जास्त लागतील. ते सुमारे ८९,००० रुपये होतात. हे पैसे पंधरा वर्षांनी जायचे, म्हणून आज जाणवत नाहीत, पण जातात. गरज अठ्ठावीस हजारांचीच होती.

दोन-तीन महिन्यांची अडचण असेल तर मूळ कर्जाला हात न लावता छोट्या, स्वस्त, तारण दिलेल्या उसनवारीतून ती पार करावी. ठेवीवरचं ओव्हरड्राफ्ट, विमा पॉलिसीवरचं कर्ज, घरातल्या दागिन्यांवर बँकेकडून घेतलेलं सोनेतारण, कंपनीतल्या कर्मचारी पतसंस्थेचं आकस्मिक कर्ज हे सगळे त्यातले मार्ग. क्रेडिट कार्डावरून रोख काढून हप्ता भरू नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वार्षिक दर ३६ टक्के किंवा त्याहून वर असतो. कुणाच्याही ओळखीशिवाय पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपकडे तर वळूच नये.

लांबची अडचण असेल तर

नोकरीच गेली किंवा उत्पन्न कायमचं कमी झालं, तर उसनवारी कामाची नाही. तिथे कर्जाच्या अटी बदलून घ्याव्या लागतात. त्यासाठी बोलायला जाण्याआधी एक आकडा काढून न्यायचा: आपल्या कर्जाचं दरमहाचं व्याज. बाकी मुद्दलाला वार्षिक दराने गुणून बारांनी भागलं की तो मिळतो. वरच्या उदाहरणात तो ११,२५० रुपये आहे. १५,२१४ रुपयांच्या हप्त्यात मुद्दल जेमतेम ३,९६४ रुपये आहे. मुदत कितीही वाढवली तरी हप्ता ११,२५० च्या खाली येऊ शकत नाही, कारण मग व्याजही भरलं जाणार नाही.

म्हणून ‘मुदत वाढवून द्या’ ही सर्वांच्या तोंडी असलेली मागणी दरवेळी उपयोगाची नसते. पंधराची वीस वर्षं केली तर इथे हप्ता १३,४९६ रुपये होतो. महिन्याला १,७१८ रुपयांची सुटका आणि एकूण फेडीत सुमारे पाच लाखांची भर. शिवाय मुदत निवृत्तीच्या वयापलीकडे जात असेल तर बँक ती सहसा वाढवत नाही. त्याआधी व्याजदर पाहावा. तीच बँक नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी दराने कर्ज देत असेल, तर थोडं शुल्क भरून जुन्या कर्जाचा दर खाली आणता येतो का, हे विचारा. ही साधी विनंती असते आणि तिने खात्यावर कोणताही डाग येत नाही.

काही काळ फक्त व्याज भरणं, हप्ते ठरावीक महिने पुढे ढकलणं, संपूर्ण कर्जाची पुनर्रचना करणं हे त्याच्या पुढचे पर्याय. यात एक धोका आहे. कर्जदार आर्थिक अडचणीत आहे म्हणून बँकेने सवलत दिली, की ते खातं सर्वसाधारणपणे ‘पुनर्रचित’ धरलं जातं. त्याची नोंद क्रेडिट अहवालात जाते आणि बहुतेक वेळा खात्याचा दर्जाही उतरतो. तरीही कधी कधी हाच बरा मार्ग असतो, कारण महिनोन्‌महिने थकत जाण्यापेक्षा मान्य केलेली पुनर्रचना केव्हाही चांगली. फक्त सही करण्याआधी नोंद कशी होणार, हे विचारून घ्यायचं.

दरमहाचं व्याजसुद्धा पुढच्या काळात झेपणार नाही असं स्पष्ट दिसत असेल, तर घर आपण होऊन विकण्याचा विचार लवकर करावा. एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर मालमत्तेचा ताबा व लिलावाच्या मार्गाला लागते. लिलावात घराला मिळणारी किंमत मालकाने बँकेच्या संमतीने शांतपणे केलेल्या विक्रीपेक्षा बहुधा कमीच असते. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

शाखेत जाऊन काय बोलायचं

कॉल सेंटरला फोन करून भागत नाही. तिथल्या माणसाला ‘हप्ता कधी भरणार?’ याशिवाय फार काही विचारायचा अधिकार नसतो. ज्या शाखेतून कर्ज घेतलं तिथे जा. हप्त्याच्या तारखेला किमान दहा-बारा दिवस बाकी असताना जा, कारण अटी बदलण्याचा निर्णय बहुधा शाखेत होत नाही. प्रस्ताव वरच्या कार्यालयात जातो आणि त्याला वेळ लागतो. सोबत कंपनीचं पत्र किंवा आजारपणाचे कागद, सहा महिन्यांचा खातेउतारा, पगाराच्या पावत्या आणि घरखर्चाचा एक पानी हिशेब असू द्या.

बोलताना आपली कहाणी दोन वाक्यांत संपवून आकड्यांवर या. अर्जही तसाच लहान हवा. उदाहरणार्थ:

‘माझ्या गृहकर्ज खात्याचे सर्व हप्ते आजवर वेळेवर भरले आहेत. कंपनीतील काम कमी झाल्याने जून व जुलै महिन्यांत मला निम्मा पगार मिळणार आहे; कंपनीचे पत्र सोबत जोडले आहे. या दोन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलून मिळावेत, ही विनंती. ऑगस्टपासून पूर्ण हप्ता नियमित भरेन. ही सवलत दिल्यास व्याज कसे आकारले जाईल, मुदत किती वाढेल आणि क्रेडिट अहवालात काय नोंद होईल, हे कृपया लेखी कळवावे.’

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शाखेचा अधिकृत ईमेल असेल तर तोच मजकूर त्यावरही पाठवा. ‘मॅनेजरसाहेब हो म्हणाले’ याला नंतर काही अर्थ राहत नाही. साहेबांची बदली होते आणि मागे फक्त खात्यातली नोंद राहते.

पगाराची तारीख बदलल्यामुळेच अडचण येत असेल, तर हप्त्याची तारीख बदलून मागा. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला, हे दुखणं तारीख बदलली की कायमचं जातं. काही संस्था मागणी पाठवण्याआधी सांगितलं तर त्या महिन्याची नॅच थांबवतात आणि पैसे दुसऱ्या मार्गाने घेतात. त्याने बाऊन्सचं शुल्क वाचतं. पण देय तारीख तीच राहते आणि थकीत दिवसांची मोजणीही तेव्हापासूनच सुरू होते, हे विसरू नका. रागाने मॅन्डेटच रद्द करू नका. हप्ता त्यानेही चुकतोच आणि वर हेतू चांगला नव्हता असा समज होतो.

पूर्ण हप्ता जमत नसेल तर आहे ती रक्कम शाखेत किंवा संस्थेच्या अधिकृत ॲपवरून थेट कर्ज खात्यात भरा आणि पावती घ्या. खात्यात पडून राहिलेल्या अपुऱ्या पैशांचा उपयोग होत नाही, भरलेल्यांचा होतो. बाऊन्सनंतर असे पैसे भरले, तर मागणी पुन्हा पाठवू नये असंही लिहून द्या. नाहीतर हप्ता दोनदा कापला जातो आणि परताव्यासाठी चकरा माराव्या लागतात. वसुलीला आलेल्या माणसाच्या खासगी खात्यावर एक रुपयाही पाठवू नका.

तरीही हप्ता चुकलाच तर

हप्ता गेला नाही तर त्याच आठवड्यात तो भरण्याचा प्रयत्न करा आणि तोवर फोन उचलत राहा. फोन बंद करणाऱ्याची नोंद ‘टाळाटाळ’ अशी होते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांत किंवा नातेवाइकांत बदनामी यांना रिझर्व्ह बँकेची सक्त मनाई आहे. तसं झालं तर वेळ, नंबर आणि बोलणं लिहून ठेवा आणि आधी त्या बँकेकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क लागत नाही.

रजिस्टर पोस्टाने आलेलं पाकीट मात्र परत पाठवू नका. शिल्लक नसल्यामुळे नॅच परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली खटला होऊ शकतो. चेक न वटल्यावर जसा होतो तसाच. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर तो टळतो, पण नोटीस वाचली तरच.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट वेगळी आहे. तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नसतो. वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याने होते आणि तो दाखला जामीनदारांवरही निघतो. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची. म्हणून पतसंस्थेत जाण्याआधी जामीनदारांच्या घरी जा. आपल्यासाठी सही केलेल्या माणसाला ही बातमी नोटिशीतून कळू नये.

पुढच्या महिन्याचा हप्ता जड जाईल असं आज वाटत असेल, तर आजच कर्ज खात्याचा उतारा काढा. किती रुपये कमी पडतात, किती महिने पडतील आणि दरमहाचं व्याज किती आहे, हे तीन आकडे एका कागदावर लिहा. अडचण छोटी असेल तर तो कागद तारण ठेवून मिळणाऱ्या स्वस्त उसनवारीकडे न्या. लांबची असेल तर अर्जासह शाखेत न्या. देय तारखेच्या आधी दिलेला अर्ज नियमित ग्राहकाचा असतो, नंतर दिलेला थकबाकीदाराचा. बँक दोघांशी वेगवेगळं वागते.